प्री-मनी १६ कोटी, मग आमचे टक्के गेले कुठे?

प्रश्न: आम्ही दोघे संस्थापक, निम्मे-निम्मे. वर्षभरापूर्वी एका एंजलकडून सेफवर १ कोटी घेतले, पोस्ट-मनी कॅप १० कोटी. आता सीड फेरीची टर्मशीट आली आहे: १६ कोटी प्री-मनी, ४ कोटी गुंतवणूक. आमच्या हिशोबाने २० टक्के जातात, ८० उरतात आणि त्यातून एंजलचे थोडे. पण सोबतच्या कॅप टेबलात आमचे दोघांचे मिळून ६३ टक्केच दिसतात. तक्ता चुकलाय की आम्ही? आणि पुढच्या दोन फेऱ्यांनंतर हातात काय राहील?

उत्तर:

तक्ता बरोबर आहे. नव्या गुंतवणूकदाराला त्याचे २० टक्केच मिळतायत. उरलेल्या १७ पैकी ७ टक्के तुमच्या एंजलकडे गेले आणि १० टक्के ऑप्शन पूलमध्ये, म्हणजे पुढे नेमायच्या माणसांना देण्यासाठी बाजूला ठेवलेल्या शेअरमध्ये. पूलचा उल्लेख टर्मशीटच्या ठळक आकड्यांशेजारी सहसा नसतो. शेअरचा भाव कसा काढला हे सांगणारं एक कलम खाली असतं, त्यात तो असतो. तुमच्या टर्मशीटमध्ये ते कलम काढून बघा. 'फुली डायल्यूटेड प्री-मनी कॅपिटलायझेशनमध्ये, फेरीनंतरच्या भांडवलाच्या १० टक्के इतका उपलब्ध ऑप्शन पूल धरून' अशा अर्थाचं वाक्य तिथे सापडेल. तुमची किंमत त्या वाक्याने ठरते. १६ कोटी हा आकडा त्यानंतर येतो.

कसं ते सावकाश पाहू. प्री-मनी म्हणजे नवे पैसे येण्याआधी कंपनीची धरलेली किंमत, आणि पोस्ट-मनी म्हणजे तीच किंमत अधिक आलेले पैसे. तुमच्याकडे १६ अधिक ४, म्हणजे २० कोटी. गुंतवणूकदाराचा वाटा ४ भागिले २०, म्हणजे २० टक्के. इथवर तुमचं बरोबर आहे. तोंडी बोलणी चालू असताना कुणी नुसतंच 'व्हॅल्युएशन २०' म्हणालं, तर प्री की पोस्ट हे त्याच बैठकीत विचारून घ्यायचं. २० प्री असेल तर ४ कोटींना १६.६७ टक्के जातात, २० पोस्ट असेल तर २० टक्के. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ घेऊन घरी जातात आणि तीन आठवड्यांनी कागद आला की वाद सुरू होतो, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

पण टक्के हा शेवटी निघणारा आकडा आहे. व्यवहार होतो तो शेअरचा, आणि शेअरला भाव असतो. प्री-मनी किंमत भागिले फेरीआधीचे एकूण शेअर, असा तो भाव निघतो. आता फेरीआधीचे एकूण शेअर म्हणजे कुठले? तुम्ही फक्त स्वतःचे धरलेत. गुंतवणूकदाराने त्यात तुमचे धरले, सेफचे रूपांतर होऊन निघणारे धरले आणि अजून कुणालाही न दिलेले, या फेरीसाठी नव्याने बाजूला ठेवलेले पूलचे शेअरही धरले. भागाकाराच्या खालचा आकडा वाढला की भाव उतरतो. भाव उतरला की त्याच ४ कोटींत जास्त शेअर येतात.

तुमच्या आकड्यांवरच मांडून बघू. दोघांचे मिळून ९,००,००० शेअर आहेत असं धरा. तुमचा खरा आकडा वेगळा असला तरी टक्के तेच येतील.

आधी सेफ, म्हणजे आज पैसे घेऊन पुढच्या भाव ठरलेल्या फेरीत शेअर देण्याचा करार. ते शेअर देताना कंपनीची जास्तीत जास्त किती किंमत धरायची, ती त्याची कॅप. वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये आणलेला मूळ सेफ प्री-मनी धर्तीचा होता. २०१८ मध्ये त्यांनी पोस्ट-मनी सेफ आणला, आणि तुमच्याकडे तोच दिसतोय. त्यात एंजलचा वाटा सरळ भागाकाराने निघतो: १ कोटी भागिले १० कोटी कॅप, म्हणजे १० टक्के. यातला 'पोस्ट' शब्द सेफचे पैसे आल्यानंतरची किंमत सांगतो, सीडचे पैसे आल्यानंतरची नाही. इथे बरेच जण गोंधळतात. म्हणजे सीडचे पैसे आणि वाढीव पूल येण्याच्या आधी एंजल १० टक्क्यांवर उभा आहे आणि तुम्ही ९० टक्क्यांवर. तुमचे ९,००,००० हे ९० टक्के, तेव्हा एंजलचे १,००,००० आणि एकूण १०,००,०००. इथून पुढे सीडचा गुंतवणूकदार आणि नवा पूल आला की एंजलही तुमच्यासारखाच, तुमच्याच प्रमाणात पातळ होतो. म्हणून १० चे ७ झाले.

तुमच्याकडे एकच सेफ आहे, हे एका अर्थी बरं झालं. पोस्ट-मनी सेफ एकावर एक घेत गेलात तर प्रत्येकाचा वाटा ठरलेला राहतो आणि नव्या सेफचा भार जुन्या सेफवाल्यांवर पडत नाही, तो पूर्णपणे संस्थापकांवर येतो. समजा मधल्या काळात आणखी १ कोटी १२.५ कोटींच्या कॅपवर घेतले असते, तर त्याचे ८ टक्के तुमच्या ९० मधूनच गेले असते आणि सीडच्या दारात तुम्ही ८२ वर पोचला असता. सेफवर सही करताना शेअर निघत नाहीत, कॅप टेबल हलत नाही, त्यामुळे काही गेल्यासारखं वाटतच नाही. सगळं एकदम दिसतं ते पहिल्या भाव ठरलेल्या फेरीत. सेफ घेतला त्याच संध्याकाळी तो वेगळ्या रकान्यात रूपांतर झाल्यासारखा मांडून ठेवायची सवय लावून घ्या.

आता पूल. गुंतवणूकदाराची अट अशी, की फेरी संपल्यावर एकूण शेअरपैकी १० टक्के पूलमध्ये मोकळे असावेत आणि ते प्री-मनीत धरावेत. फेरीनंतर त्याचे २० टक्के, पूलचे १० टक्के, म्हणजे आज अस्तित्वात असलेल्या १०,००,००० शेअरना उरले ७० टक्के. मग एकूण शेअर किती? १०,००,००० भागिले ०.७०, म्हणजे १४,२८,५७१. स्प्रेडशीटमध्ये पूल आणि एकूण शेअर एकमेकांवर अवलंबून असल्याने लोक वर्तुळाकार सूत्रात अडकतात. त्याची गरज नाही, उलटीकडून भागलं की सरळ सुटतं:

```
B1: =4/20
B2: =10%
B3: =1000000
B4: =B3/(1-B1-B2)
B5: =B4*B1
B6: =B4*B2
B7: =40000000/B5
B8: =900000/B4
```

B4 मध्ये एकूण शेअर, B5 मध्ये नव्या गुंतवणूकदाराचे, B6 मध्ये पूलचे, B7 मध्ये शेअरचा भाव आणि B8 मध्ये तुमचा दोघांचा वाटा. गुंतवणूकदाराचे २,८५,७१४, पूलचे १,४२,८५७, भाव १४० आणि तुमचे ६३ टक्के. तक्त्याशी ताडून बघा, जुळेल.

या १४० कडे जरा थांबून बघा. आज कंपनीत खरोखर असलेले शेअर १०,००,०००. त्यांना १४० ने गुणलं तर १४ कोटी होतात. म्हणजे गुंतवणूकदाराने तुम्ही आजवर उभं केलेल्या कंपनीची किंमत १४ कोटी धरली आहे. १६ मधले २ कोटी म्हणजे अजून न नेमलेल्या माणसांसाठी ठेवलेले कोरे शेअर. धंद्यात याला 'इफेक्टिव्ह प्री-मनी' म्हणतात. त्यातून एंजलचे १.४ कोटी वजा केले की तुम्हा दोघांच्या हिश्श्याची किंमत १२.६ कोटी. टर्मशीटच्या माथ्यावर १६ आणि तुमच्या नावावर १२.६, हे अंतर सही करण्याआधी माहीत असलं पाहिजे.

यात फसवणूक नाही, हेही स्पष्ट सांगतो. पूल प्री-मनीत धरणं ही या व्यवसायातली रूढ पद्धत आहे. गुंतवणूकदाराचं म्हणणं असं असतं की पुढच्या दीड वर्षात लागणारी माणसं आणायला शेअर लागणारच, आणि मी आज २० टक्क्यांचे पैसे देतोय तर सहा महिन्यांत माझे १८ होऊ नयेत. त्याच्या जागी मी असतो तर हेच मागितलं असतं. पूल फेरीनंतर, सगळ्यांच्या वाट्यातून काढा, अशी मागणी तुम्ही करू शकता. तसं झालं तर त्याचे २० चे १८ होतात, तुमचे ६४.८ राहतात. फरक १.८ टक्क्यांचा. पण ही मागणी बहुधा मान्य होत नाही आणि तिच्यावर बराच वेळ जातो. मी जोर लावायला सांगेन तो पूलच्या आकारावर, कारण तिथे जास्त मिळण्यासारखं आहे आणि तुमच्या बाजूने दाखवायला कागदही असतो.

तो कागद म्हणजे नेमणुकांची यादी. पुढच्या १८ महिन्यांत कोण-कोण घ्यायचं, कुठल्या महिन्यात, आणि प्रत्येकाला किती टक्के. उदाहरणार्थ तंत्रज्ञानाचा प्रमुख २ टक्के, विक्रीचा प्रमुख १ टक्का, सहा अभियंते प्रत्येकी ०.३, मिळून १.८. झाले ४.८. एखादी अनपेक्षित नेमणूक धरून ६. हे टक्के कुठून आणले याचं उत्तर तयार ठेवा. तुमच्या क्षेत्रातल्या, तुमच्याच टप्प्यावरच्या चार-पाच संस्थापकांना विचारून घेतलेले असले की पुरतं. आता गुंतवणूकदाराला '१० जास्त होतात हो' असं म्हणण्यापेक्षा ही यादी पुढे ठेवून 'यात कोण राहिलंय ते सांगा' म्हणा. तो एखादं पद सुचवेल, तुम्ही एक टक्का वाढवाल, पण चर्चा १० वरून सुरू न होता ६ वरून सुरू होईल. पूल ६ टक्के झाला तर वरच्या तक्त्यात B2 बदला. आजच्या शेअरना ७४ टक्के उरतात आणि तुमचे ६६.६. तेवढ्या एका कागदाने ३.६ टक्के वाचले.

हे मी माझ्या अंगावर येऊन शिकलो. माझ्या पहिल्या कंपनीत आम्ही प्री-मनीसाठी तीन आठवडे झगडलो, आकडा थोडा वाढवून घेतला आणि खुशीत १५ टक्क्यांचा पूल मान्य केला. 'पूल आपलाच तर आहे, आपल्याच माणसांना जाणार' असं वाटलं होतं. अडीच वर्षांनी कंपनी विकली गेली तेव्हा त्या १५ मधले जेमतेम ५ वाटले गेले होते. विक्रीच्या वेळी न वाटलेले शेअर रद्द होतात आणि उरलेल्या सगळ्यांचा वाटा प्रमाणात फुगतो, त्यात गुंतवणूकदाराचाही. ते १० टक्के फेरीच्या दिवशी आमच्या हिश्श्यातून काढलेले, आणि रद्द होताना मात्र सगळ्यांना वाटले गेले. वकिलाने तो अंतिम तक्ता पडद्यावर दाखवला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की भाव ठरवताना आम्ही काय देऊन बसलो होतो. गुंतवणूकदाराने काही लपवलं नव्हतं, कलम कागदावर होतं. म्हणून तुमच्यासारखा प्रश्न कुणी सहीच्या आधी विचारला की मला फार बरं वाटतं.

याच कारणाने दोन टर्मशीटची तुलना प्री-मनीवर करायची नसते. समजा दुसरा एक गुंतवणूकदार १५ कोटी प्री-मनी देतोय, पैसे तेच ४ कोटी, पण पूल ५ टक्के पुरेल म्हणतोय. ऐकायला हा प्रस्ताव १ कोटीने कमी आहे. मांडून बघा: त्याचा वाटा ४ भागिले १९, म्हणजे २१.०५ टक्के. पूल ५. आजच्या शेअरना उरले ७३.९५ आणि तुमचे त्यातले नऊ दशांश, म्हणजे ६६.५५ टक्के. १६ कोटीवाल्याकडे तुम्ही ६३ वर होता. शेअरचा भाव काढला तर पहिल्याचा १४०, दुसऱ्याचा १४०.५. खरं सांगायचं तर दोघे तुमच्या कंपनीला जवळजवळ सारखीच किंमत देतायत, फरक फक्त कोऱ्या शेअरचा आहे. आणि हे शेअर नंतर लागलेच तर? तर पुढच्या वाढीव पूलचा भार तुमच्याबरोबर हा गुंतवणूकदारही उचलेल. कुठलाही प्रस्ताव आला की तो शेअरच्या भावात उतरवा, मगच शेजारी शेजारी ठेवा.

आता पुढच्या फेऱ्या. इथे बहुतेक जण पहिली चूक करतात ती वजाबाकीची. प्रत्येक फेरीत २० टक्के जाणार, तर तीन फेऱ्यांत ६० गेले, ४० उरले, असं नसतं. २० टक्के म्हणजे नव्या एकूणाचे २०. तुमच्याकडे जे आहे त्याचे ०.८ उरतात, पुढच्या वेळी त्याचे ०.८. तीन वेळा ०.८ गुणलं तर ५१.२ येतात. हे ऐकून दिलासा मिळतो, पण लगेच दुसरी चूक होते, कारण प्रत्येक फेरीत पूल पुन्हा भरला जातो आणि तोही प्री-मनीतूनच. त्यामुळे गुणक ०.८ नसतो, ०.७३ च्या आसपास येतो.

तुमचीच कंपनी पुढे नेऊ. आहे त्या टर्मशीटवर सही केली असं धरा, म्हणजे ६३ टक्के आणि पूल १०. दीड वर्षात पूलमधले ६ वाटले गेले, ४ मोकळे राहिले. सिरीज ए मध्ये ६० कोटी प्री-मनीवर १५ कोटी आले, म्हणजे पोस्ट ७५ आणि वाटा २० टक्के. गुंतवणूकदार म्हणतो, फेरीनंतर मोकळा पूल पुन्हा १० हवा. मग मोकळे ४ सोडून बाकी सगळ्यांना, म्हणजे आजच्या ९६ टक्क्यांना, नव्या कंपनीत ७० टक्के मिळतात. तुमचे ६३ भागिले ९६ गुणिले ७०, म्हणजे ४५.९ टक्के. सीडवाल्याचे २० चे १४.६ झाले, एंजलचे ५.१ आणि माणसांना वाटलेले ६ चे ४.४. पुन्हा दीड वर्ष, पुन्हा ६ वाटले, ४ उरले. सिरीज बी मध्ये १५ टक्के विकले आणि मोकळा पूल ७ पर्यंत आणला. तुमचे ४५.९ भागिले ९६ गुणिले ७८, म्हणजे ३७.३. दोघांचे मिळून. एकेकाचे साधारण १८.७.

या प्रवासात शेअरची संख्या कुठेच कमी झाली नाही, हे ध्यानात घ्या. तुमचे ९,००,००० शेअर पहिल्या दिवशी होते तितकेच बी नंतरही आहेत. सीडला त्यांचा भाव १४० होता, म्हणजे १२.६ कोटी. ए ला एकूण शेअर १९,५९,१८३ झाले, भाव ३८२.८ आला आणि तुमचे तेच शेअर ३४.४५ कोटींचे झाले. टक्के ६३ वरून ४६ वर आले म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, भाव चढतोय तोवर. ही किंमत कागदावरची आहे एवढं मात्र लक्षात ठेवा. गुंतवणूकदाराच्या शेअरना विक्रीत आधी पैसे मिळण्याचा हक्क असतो, तुमच्यांना नसतो, त्यामुळे कंपनी कमी किमतीत विकली गेली तर टक्के आणि हातात येणारी रक्कम यांचा मेळ बसत नाही. तो स्वतंत्र विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

सीडच्या गुंतवणूकदाराने प्रो-राटा हक्क मागितला असेल, म्हणजे पुढच्या फेरीत पैसे घालून आपला वाटा टिकवण्याचा, तर त्याने घाबरायचं नाही. तो ए च्या २० टक्क्यांतलाच काही भाग घेणार असेल तर तुमच्या आकड्यात फरक पडत नाही. पण ए च्या मुख्य गुंतवणूकदाराला स्वतःचे पूर्ण २० हवे असतील आणि प्रो-राटा त्यावर जादा बसवावा लागला, तर फेरी फुगते आणि तो भार तुमच्यावरही येतो. हा प्रश्न ए च्या वेळी विचारायचा, आज नाही.

आज विचारायची आणखी एक गोष्ट म्हणजे भाव उतरला तर काय. तुमच्या टर्मशीटमध्ये अँटी-डायल्यूशनचं, म्हणजे पुढे भाव उतरला तर गुंतवणूकदाराला जादा शेअर देऊन भरपाई करणारं, कलम असेलच. त्यात 'ब्रॉड-बेस्ड वेटेड अॅव्हरेज' लिहिलंय की 'फुल रॅचेट', हे बघा. दोन शब्दांचा फरक आहे, पण वाईट दिवसांत तो किती मोठा होतो ते याच आकड्यांवर दाखवतो. समजा सीडनंतर धंदा अडखळला आणि निम्म्या भावाने, ७० ला, २ कोटी उभे करावे लागले. नवे शेअर २,८५,७१४. दुसरं काहीच नसतं तर एकूण १७,१४,२८५ झाले असते आणि तुमचे ५२.५ टक्के राहिले असते.

फुल रॅचेट असेल तर सीडवाल्याचा भाव जणू पहिल्यापासून ७० होता असं धरतात. त्याचे २,८५,७१४ चे दुप्पट होतात, एकूण जवळजवळ २० लाख शेअर आणि तुम्ही ४५ टक्क्यांवर. वेटेड अॅव्हरेजमध्ये किती शेअर त्या उतरलेल्या भावाने निघाले याला वजन असतं. त्याचं सूत्र असं:

```
CP2 = CP1 * (A + B) / (A + C)
```

CP1 हा जुना भाव, १४०. A म्हणजे फेरीआधीचे एकूण शेअर, १४,२८,५७१. B म्हणजे आलेल्या पैशांत जुन्या भावाने किती शेअर आले असते, १,४२,८५७. C म्हणजे खरोखर किती निघाले, २,८५,७१४. उत्तर येतं १२८.३३. सीडवाल्याला यात २५,९७४ शेअर जादा मिळतात आणि तुम्ही ५१.७ टक्क्यांवर राहता. एकीकडे ०.८ टक्क्याचं नुकसान, दुसरीकडे ७.५ टक्क्यांचं. रॅचेटमध्ये फेरी किती लहान आहे याला महत्त्वच नसतं. ७० च्या भावाने अगदी थोडे शेअर काढले तरी सीडवाल्याचे शेअर दुप्पट होतात. म्हणून फुल रॅचेटवर सही करू नका, बाकीच्या अटी कितीही चांगल्या असोत. वेटेड अॅव्हरेज ही सर्वमान्य अट आहे, ती मागायला संकोच नको. 'ब्रॉड-बेस्ड' शब्दही सोडू नका. A मध्ये दिलेले ऑप्शन, आणि काही करारांत इथल्यासारखा मोकळा पूलही, धरला जातो तो त्याच शब्दामुळे, आणि A जितका मोठा तितका भाव कमी उतरतो. 'नॅरो-बेस्ड' असेल तर A लहान होतो आणि तुमचं नुकसान वाढतं.

तुमच्या प्रश्नावर परत येतो. आज रात्री दोन कामं करा. एक, वरचा आठ ओळींचा तक्ता स्वतः बनवा, कंपनीच्या खऱ्या शेअरसंख्येने. एंजलचा सेफ काढून त्यात कॅपबरोबर डिस्काउंटही आहे का ते पाहा. असेल तर दोन्हींपैकी ज्याने एंजलला स्वस्त भाव मिळतो तो लागू होतो. तुमच्या बाबतीत कॅपचा भाव १०० पडतो, तर १४० वर २० टक्के डिस्काउंटचा ११२, म्हणजे कॅपच लागू. एखाद्या सल्लागाराला किंवा पहिल्या कर्मचाऱ्याला शेअर देण्याचा शब्द ईमेलवर दिला असेल तर तोही मांडा. पोस्ट-मनी सेफच्या व्याख्येत असे कबूल केलेले ऑप्शन मोजले जातात आणि फेरीच्या ऐन मध्यावर ते निघाले की भाव पुन्हा हलतो. मी पाहिलेल्या उशीर झालेल्या फेऱ्यांमध्ये बहुतेकदा अशीच एखादी विसरलेली ईमेल सापडली आहे.

दुसरं काम नेमणुकांची यादी. ती झाली की गुंतवणूकदाराला फोन न करता लिहूनच पाठवा, कारण त्याला त्याच्या भागीदारांपुढे ठेवायला कागद लागतो. मजकूर असा असला तरी पुरे: '१६ कोटी प्री-मनी आणि ४ कोटी गुंतवणूक आम्हाला मान्य आहे. सोबत १८ महिन्यांच्या नेमणुकांची यादी जोडली आहे, तिच्यानुसार ६ टक्के मोकळा पूल पुरतो. त्याप्रमाणे शेअरचा भाव १४८ येतो. अँटी-डायल्यूशन ब्रॉड-बेस्ड वेटेड अॅव्हरेज असावं. सुधारित कॅप टेबल सोबत आहे.' १४८ कसा आला? २० कोटी भागिले, १०,००,००० भागिले ०.७४ करून येणारे १३,५१,३५१ शेअर. तो ६ वर अडला आणि ७ म्हणाला, तर B2 मध्ये ७ टाका: भाव १४६ आणि तुमचे ६५.७ टक्के. ८ म्हणाला तर १४४ आणि ६४.८. या व्यवहारात पूलचा प्रत्येक टक्का तुमच्या दोघांच्या वाट्यातले ०.९ टक्के नेतो आणि उरलेला ०.१ एंजलचा, हे डोक्यात ठेवून बोलणीला बसा.